चार फुटांच्या मोराला किती वेळ लागतो?

*मी नववीत आहे. रांगोळी चांगली काढते म्हणून दिवाळीत सोसायटीतले सगळे मला बोलावतात. गेल्या वर्षी पाच दिवसांत सतरा रांगोळ्या काढल्या. लक्ष्मीपूजनाला मी खाली दुसऱ्यांच्या दारात होते, तेव्हा आमच्या दारात आईने छाप मारून टाकला. एका काकूंनी न मागता दोनशे रुपये हातात कोंबले तेव्हा मला इतकी लाज वाटली की मी पळत वर आले. या वर्षी दुसऱ्या काकूंनी लक्ष्मीपूजनासाठी चार फुटांचा मोर सांगून ठेवलाय. मी म्हटलं, शंभर रुपये घेईन. त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'अगं, कला विकायची नसते.' आई म्हणते, शेजाऱ्यांकडून पैसे घेणं बरं दिसत नाही. बाबा म्हणतात, घे खुशाल. मी लोभी झालेय का? आणि घ्यायचेच तर किती घेऊ?*

*— एक मुलगी, इयत्ता नववी*

तुझ्या पत्रात पैशांचा उल्लेख अनेकदा आहे आणि छापाचा एकदाच. छापाचं वाक्य तू घाईत लिहून पुढे गेलीस, मी मात्र तिथेच अडकले. शंभर की दोनशे हे आपण ठरवूच, पण गेल्या दिवाळीचं बिल कुणीतरी आधीच भरलंय. ते तुमच्या स्वतःच्या उंबऱ्याने भरलं.

लोभाचं नंतर बघू. आधी एक जुनी गोष्ट सांगते. मीही तुझ्यासारखीच दारोदार रांगोळ्या काढत फिरलेली आहे.

मी आठवीत होते तेव्हा आम्ही पुण्यात एका वाड्यात राहायचो. चौकाभोवती अकरा बिऱ्हाडं होती. माझ्याकडे ठिपक्यांचा कागद होता, म्हणजे वर्तमानपत्राला उदबत्तीने टोचून भोकं पाडलेली. तो जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी पसरून हात फिरवायचा आणि अलगद उचलायचा. पण 'पंधरा ते आठ'ची रांगोळी माझ्या कागदात बसायची नाही. मधली ओळ पंधरा ठिपक्यांची आणि दोन्ही बाजूंना एकेक कमी होत आठापर्यंत, म्हणजे सगळे मिळून १६९ ठिपके. ते हातानेच ठेवायला लागायचे. वाड्यातल्या बायकांना नेमकी तीच आवडायची.

आमच्या खालच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी राहायच्या. धनत्रयोदशीला त्यांनी मला बोलावलं. त्या दारातच मशीन घेऊन बसलेल्या, मी समोर फरशीवर. रांगोळी झाली, हात झटकून मी उठले, तेव्हा त्यांनी विचारलं, "किती वेळ लागला गं?"

"माहीत नाही. लगेच झाली."

"लगेच? तू आलीस तेव्हा मी बाही बेतत होते. आता दोन्ही बाह्या लागल्यात, गळ्याची पट्टी बसलीय. हुक तेवढे राहिलेत."

मशीनच्या फळीवर त्यांची लांबोडकी वही असायची, गिऱ्हाइकांच्या मापांची. त्यात त्यांनी माझं नाव घातलं आणि पुढे लिहिलं: रांगोळी, एक पोलकं, हुक सोडून. मग मला म्हणाल्या, "तुझ्या परकराची झालर सुटलीय, ती घेऊन ये. अजून काही असेल तर तेही आण. एका पोलक्याएवढं काम माझ्याकडे तुझं निघतंय."

मला ते फार गमतीचं वाटलं. आईला अजिबात वाटलं नाही. "शेजारधर्माची कसली मजुरी घेतेस?" म्हणून तिने मला ऐकवलं, आणि ती झालर मी शाळेच्या कार्यक्रमात घालून नाचले तेव्हाही तिचा चेहरा जरा आखडलेलाच होता.

भाऊबीजेला मी पुन्हा मावशींच्या दारात गेले. या वेळी गप्पा मारत मारत काढली आणि बराच वेळ लागला. मी मुद्दाम म्हटलं, "आज जास्त लागला ना?" मावशी म्हणाल्या, "लागला. पण त्यातला निम्मा वेळ तू बोलत होतीस. बोलण्याचे मी गिऱ्हाइकाला लावत नाही." वहीत परत एकच पोलकं लिहिलं.

त्या रात्री अंथरुणात पडल्यावर मी वाड्यातली दारं मोजली. अकरा दारं म्हणजे अकरा पोलकी, शिवाय काही दारांत दोनदा गेलेले. मावशी दिवाळीच्या चार दिवसांत एवढी पोलकी कधी शिवत नसत. त्या सरळ सांगायच्या, "दसऱ्यानंतर आलेलं कापड दिवाळीनंतर मिळेल." आणि त्यावर वाड्यातलं कुणी रागवायचं नाही. मला मात्र कुणी जिन्यात गाठून सांगितलं तरी मी हो म्हणायची.

आता तुझ्या शंभराकडे येते. हा आकडा तुला कुठे सापडला? माझा अंदाज असा की काकूंनी विचारलं, तू गोंधळलीस आणि मागायला फार वाईट वाटणार नाही असा जो आकडा तोंडात आला तो बोललीस. त्यात मोराचा काही संबंध नव्हता. म्हणूनच काकू हसल्या तेव्हा तुझ्याकडे उत्तर नव्हतं. 'मला सव्वादोन तास लागतात' असं तू म्हणाली असतीस तर त्यांनाही हसणं जड गेलं असतं.

तर मोर मोजू. काकूंच्या दारात चार फुटांचा मोर काढायचाय असं धरू. जागा झाडायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि पूर्ण कोरडी होऊ द्यायची. यात दहा मिनिटं जातात आणि ती कुणी धरत नाही. घाईने ओलसर फरशीवर रंग टाकला तर त्याच्या गुठळ्या होतात, वर गडद गुलाबी किंवा जांभळ्याचे डाग राहतात. ते डाग घासायला काकू तुला बोलावणार नाहीत, पण लक्षात ठेवतील. मग मधोमध बोट रोवून दोऱ्याला खडू बांधून गोल आखायचा आणि त्यात मोराची मान, पंख, पिसाऱ्याच्या पाकळ्या खडूने काढायच्या. अजून दहा मिनिटं. मग रंग. तळाचा रंग चाळणीने एकसारखा पडतो, पण पिसाऱ्यातले निळे-हिरवे डोळे चिमटीनेच भरावे लागतात. इथे तास सहज जातो. रंग नुसता असेल, त्यात पांढरी रांगोळी नीट मिसळलेली नसेल, तर तो बोटांना चिकटतो, चिमटीतून सुटत नाही आणि वेळ अजून वाढतो. त्यावर पांढऱ्या बारीक रेघा आणि ठिपके, अर्धा तास. कडेला सांडलेला रंग कोरड्या फडक्याने टिपून गोल स्वच्छ करायचा, दहा मिनिटं. जिना उतरणं, चढणं, हात धुणं आणि "बस गं जरा, चकली खाऊन जा" मिळून दहा.

माझी बेरीज १३० मिनिटं होते. मी आता सावकाश काढते, तुझं घड्याळ वेगळं सांगेल. पण तू मागितलेले शंभर या १३० मिनिटांत वाटले तर तासाला साधारण ४६ रुपये पडतात. दोन फुटांच्या साध्या रांगोळीला, फरशी पुसण्यापासून हात धुण्यापर्यंत, मला चाळीस मिनिटं लागतात. तिचे कुणी तुला पन्नास दिले तर तासाला ७५ झाले. म्हणजे जी रांगोळी जास्त अवघड, जिला गुडघे जास्त दुखतात, तिचाच भाव कमी लागला.

असं का होतं ते नीट समजून घे, कारण रांगोळीला दर लावताना बहुतेक सगळ्या मुली इथेच फसतात. चार फूट म्हणजे दोनाची दुप्पट, म्हणून पैसेही दुप्पट, असं वाटतं. बाहेरची रेघ खरंच दुप्पट होते. पण आतली जागा चौपट होते. दोन फुटांच्या गोलात जेमतेम तीन चौरस फूट भरायचे असतात, चार फुटांच्या गोलात साडेबारा. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र तुला पाठ असेलच, एकदा स्वतः करून बघ. नुसत्या रेघांची, ठिपके जोडायची रांगोळी असेल तर फुटांच्या हिशेबाने दर चालेल. भरायची असेल तर फूट विसर आणि घड्याळ बघ.

हे घड्याळ दिवाळीच्या आत बघून ठेव. नवरात्रातल्या एखाद्या रविवारी आपल्याच दारात एक दोन फुटांची आणि एक चार फुटांची काढ. वहीच्या शेवटच्या पानावर सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिही, झाडण्यापासून हात धुण्यापर्यंत सगळं धरून. मधे मोबाइल बघितलास तर तो वेळ वजा कर, तेवढी मावशींची शिस्त हवी. रंगाची पाकिटं आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितलीस तर किती रंग गेला तेही कळेल. पण माझं ऐकशील तर रंगाच्या हिशेबात पडूच नकोस. रांगोळी आणि रंग ज्यांचं दार त्यांचे. तू फक्त चाळणी, खडू, दोरा आणि बसायला पाट घेऊन जा. तुझे रंग वापरलेस की पैसे रंगाचे होते की कामाचे हे कधीच स्पष्ट होत नाही. "रंगाचे घे हं" म्हणून वीस रुपये हातावर ठेवले जातात आणि काम फुकट जातं.

तासाचा दर किती धरायचा? याचं पुस्तकी उत्तर नाही. तू शिकाऊ नाहीस, पण दुकान मांडून बसलेली व्यावसायिकही नाहीस. मी तासाला शंभर धरून बघते, हिशेबाला सोपा म्हणून. मोराचे दोनशे वीस होतात, साध्या दोन फुटांच्या रांगोळीचे सत्तर. आता हे आकडे आरशासमोर उभी राहून मोठ्याने म्हणून बघ. "काकू, दोनशे वीस होतील." वाक्य पूर्ण करताना आवाज खाली जात असेल तर तो दर तुझ्यासाठी सध्या जास्त आहे, थोडा उतरव. दोनशे वीस ऐकून काकू म्हणतील की मग मी छापच आणते, तर तेही रास्त आहे. त्यांना दुसरा मार्ग आहे, तुलाही दुसरं दार आहे.

एक मात्र कर. तासाचा हिशेब आपल्यापाशी ठेव, काकूंना रांगोळीचा एकच आकडा सांग. पुढच्या वर्षी तुझा हात बसला आणि तोच मोर दीड तासात झाला, तर तासावर दर लावणाऱ्या मुलीला कमी पैसे मिळतील. हात तयार झाल्याचा दंड भरल्यासारखं ते होईल. मावशी पोलकं भराभर शिवायला लागल्या म्हणून त्यांनी शिलाई उतरवली नव्हती.

आता 'कला विकायची नसते'. हे वाक्य वाईट मनाने बोललेलं नसावं, आणि त्यात थोडं खरंही आहे. आपल्या दारात पहाटे कुणासाठीच नसलेली रांगोळी काढतो, तिला कुणी भाव विचारला तर मलाही आवडणार नाही. पण काकूंच्या दारातला मोर ही काकूंची हौस आहे. त्यासाठी त्या रंग विकत आणतात, पणत्या विकत आणतात, आणि कुंभाराला कुणी 'कला विकायची नसते' असं सांगत नाही. त्या वाक्याचा सरळ अर्थ बहुधा असा असतो की आजवर हे मला विकत घ्यावं लागलं नव्हतं. ही तक्रार प्रामाणिक आहे आणि तिचा राग धरायचं कारण नाही. तू आजवर फुकट काढून दिलीस, ते फुकट आहे असं त्यांना वाटलं, यात त्यांची चूक कमी आणि जिन्यात उभं राहून हो म्हणण्याची जास्त. वाड्यात माझीही तीच होती.

आईचं म्हणणं मात्र इतक्या झटक्यात बाजूला सारू नकोस. 'बरं दिसत नाही' हे ऐकायला लोकलाजेचं वाटतं, पण तिच्या डोक्यात दुसराच हिशेब चालू असणार. घराची किल्ली कुणाकडे ठेवतो, रात्री-अपरात्री कुणाचं दार वाजवतो, बाबा बाहेरगावी असताना सिलिंडर कोण वर आणून देतो. शेजाऱ्यांमधलं देणं-घेणं वहीत लिहिलेलं नसतं, ते वर्षानुवर्षं अर्धवट उघडं राहतं आणि म्हणूनच टिकतं. एका बाजूने अचानक बिल ठेवलं की दुसऱ्या बाजूला वाटतं, मग मागचंही काढायचं का? आईला ही भीती असेल तर ती खरी आहे. तेव्हा तिच्याशी 'पैसे घेऊ का' यावर भांडू नकोस. तिच्यासोबत बसून दारांची यादी कर. कोणत्या दारात आपण काहीतरी देणं लागतो ते तिला तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

या यादीसाठी मी एक कडक नियम सांगते, कारण गोडीगुलाबीने यात घोळ होतो. एक तर पूर्ण दर, नाहीतर अजिबात काही नाही. मधला भाव ठेवायचा नाही. तळमजल्यावरच्या ज्या आजींना आता खाली वाकता येत नाही, किंवा ज्यांनी तुला पहिल्यांदा चिमूट धरायला शिकवलं, त्यांच्या दारात तू आपणहून काढ आणि सांग, "ही माझ्याकडून." त्यांनी खाऊला पैसे दिले तर नमस्कार करून घे, तो खाऊच आहे. कुणी तुला गणित शिकवत असेल तर रांगोळीच्या बदल्यात दोन रविवार गणित, हेही उत्तम. माझ्या झालरीचा व्यवहार तसाच होता. पण एकीला सत्तर, दुसरीला 'तुम्ही आपल्याच' म्हणून चाळीस, असं केलंस तर पाणी भरताना दोघी एकमेकींना सांगतील आणि दोघीही नाराज होतील. जिने सत्तर दिले ती जास्त.

दोनशेवाल्या काकूंकडे तुला लाज का वाटली? मला वाटतं, त्या नोटेवर नाव नव्हतं म्हणून. ती खाऊ होती, मजुरी होती की दया होती, हे तुलाच कळेना. तू चार फुटांचं काम केलं असशील तर त्यांनी तासाला नव्वदच्या आसपास दिले, म्हणजे त्यांना तुझ्या आधी हिशेब कळला होता. नंतर हातात आलेल्या पैशाची लाज वाटते, आधी ठरलेल्याची सहसा वाटत नाही. म्हणून बोलणं कामाच्या आधी व्हायला हवं, जिन्यात नाही आणि रंग सांडलेल्या हातांनी तर नाहीच. काकूंच्या घरी जा आणि सांग: "काकू, चार फुटांचा मोर करायला मला सव्वादोन तास लागतात. दोनशे वीस होतील. रंग तुमचे. लक्ष्मीपूजनाला माझ्याकडे तीनची एकच वेळ आहे. शनिवारपर्यंत सांगाल का?" आणि गप्प बस. ही शांतता फार अवघड असते. ती भरायला तू पटकन "किंवा शंभर दिले तरी चालतील" म्हणशील. म्हणू नकोस.

एक गोष्ट बोलून घ्यायची राहून जाते आणि ऐन सणात कटकट होते. रांगोळी पुसली गेली तर काय? जिन्यातून सायकल नेली जाते, कुत्रं येतं, लहान पोरं मोराच्या डोळ्यात मुद्दाम बोट घालतात. पूर्ण झालेली रांगोळी काकूंना दाखव, मोबाइलवर एक फोटो काढ, आणि त्यानंतर ती काकूंची. पुन्हा काढायची तर पुन्हा वेळ लागणार.

आता लोभाकडे येते, कारण तू विचारलंयस. सतरा रांगोळ्या, सरासरी पन्नास मिनिटं धरली तरी चौदा तास होतात, पाच दिवसांत. हे तास कुठून आले? काही झोपेतून, काही फराळाच्या ताटावरून, आणि एक तर आईच्या छापावरून. पैसे लावल्यावर सतराच्या आठ रांगोळ्या झाल्या तर तू लोभी झालीस असं मी म्हणणार नाही. सतराच राहिल्या, किंवा पैसे मिळतात म्हणून पंचवीस झाल्या, तर मात्र मला परत पत्र लिही. त्या वेळी मी दुसरंच काही सांगेन.

कारण सगळे तास सारखे नसतात. श्रावणातल्या रविवारी कुणी मोर सांगितला तर तुझ्याकडे सगळी दुपार मोकळी आहे, शंभरातही कर. लक्ष्मीपूजनाची दुपार मात्र तीन तासांची असते. दिवे लागायच्या आत रांगोळी झाली पाहिजे, आणि जेवणं उरकून दारं मोकळी व्हायला दोन-अडीच वाजतात. त्यात एक मोर आणि एक लहान, एवढंच बसतं. नरक चतुर्दशीची पहाट तर त्याहून लहान, आणि तेव्हा तूही अभ्यंगस्नानाला घरी हवीस. बाकीच्या काकूंना पाडवा दे, वसुबारस दे, किंवा आदल्या रात्री खडूने आखून ठेवून त्यांच्या लेकीला रंग भरू दे. मावशींसारखी एक तारीख ठरव, समज कोजागरी. त्यानंतर सांगितलेली रांगोळी दिवाळीनंतर.

आईबाबांसाठी दोन ओळी, कारण अशाच मुली असलेल्या इतर घरांतूनही पत्रं येतात. शेजारच्या दारात ठरवून काढलेली रांगोळी वेगळी आणि एखाद्या डेकोरेटरने मुलीला रोजावर हॉलमध्ये नेणं वेगळं. बालकामगार कायदा मूळचा १९८६चा, २०१६ साली तो बदलला. त्यानुसार चौदा वर्षांच्या आतल्या मुलांना असं कामाला ठेवता येत नाही, आणि चौदा ते अठराच्या मुलांना धोकादायक कामांवर. नववीतली मुलगी नेमकी या सीमेवर असते, तेव्हा असं कुणी बोलावलं तर पैशांच्या आधी वयाचा विचार करा. अनोळखी घरी तिला एकटीला पाठवू नका, आणि पैसे तिचे तिच्याकडेच राहू द्या.

या लक्ष्मीपूजनाचं मला विचारशील तर असं कर. तुमच्या दाराची फरशी सकाळीच पुसून घे आणि खडूने आखूनही ठेव. जेवण लवकर उरकून पावणेदोनला तुमच्या दारात बस. अडीचपर्यंत दोन फुटांची आरामात होईल. तीन वाजता काकूंचा मोर, त्या हो म्हणाल्या तर. नाही म्हणाल्या तर तुमच्याच दारात चार फुटांचा काढ. आणि आईचा छाप टाकून देऊ नका. भाऊबीजेच्या सकाळी तुला उशिरापर्यंत झोपायचं असेल तेव्हा तो कामाला येतो.